चार्जर लावलाय, तरी टक्के उतरतायत: गाडीतला फोन तापतो कशाने आणि थंड ठेवायचा कसा

दुपारचा लांबचा प्रवास. फोन समोरच्या काचेला चिकटवलेल्या होल्डरवर, मॅप चालू, चार्जर लावलेला. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत असतं. मग स्क्रीन मंद व्हायला लागते, ब्राइटनेस वाढवला तरी वाढत नाही. थोड्या वेळाने मॅप अडखळतो, गाडी वळून पुढे गेल्यावर तो वळण दाखवतो. अर्ध्या-पाऊण तासाने बॅटरीकडे लक्ष जातं तर निघताना साठ टक्के होती ती आता बावन्न आहे. चार्जिंगचं चिन्ह दिसतंय, केबल घट्ट बसलेली आहे, तरी टक्के खाली चालले आहेत.

इथे बहुतेक जण चार्जरला नाहीतर केबलला दोष देतात आणि नवा, जास्त वॅटचा चार्जर आणतात. त्याने प्रश्न सुटत नाही, बऱ्याचदा वाढतो. कारण इथे चार्जर बिघडलेला नसतो. फोनने स्वतःच चार्जिंग कमी केलेलं असतं किंवा थांबवलेलं असतं, कारण बॅटरी फार गरम झालेली असते. आयफोनवर अशा वेळी Charging On Hold अशी सूचना दिसते. अनेक अँड्रॉइड फोन काही न बोलता विजेचा प्रवाह कमी करतात, आणि म्हणून माणूस केबल बदलत बसतो.

लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंश सेल्सियसमध्ये चार्ज करावी, असा सर्वसाधारण नियम आहे. ४५ च्या आसपास पोचली की फोनमधलं चार्जिंगचं सर्किट हात आखडता घेतं. गरम असताना जबरदस्तीने भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते आणि अगदी टोकाला धोकादायकही ठरते, म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. तिला चकवण्याचा प्रयत्न करू नये. आपलं काम एवढंच की फोन त्या मर्यादेपर्यंत जाऊच द्यायचा नाही.

उष्णता येते कुठून, जाते कुठे

तळाशी भोक पडलेली बादली डोळ्यांसमोर आणा. वरून नळ चालू आहे, खालून पाणी गळतंय. पाण्याची पातळी जितकी वर, तितकं गळणंही जोरात. नळाचा जोर आणि भोकाचा आकार यांचा मेळ बसेल तिथे पातळी स्थिर होते. फोनचं तापमान म्हणजे ही पातळी. गाडीत वरून एक नाही, तीन नळ चालू असतात.

पहिला नळ फोनच्या स्वतःच्या कामाचा. पूर्ण उजेडातली स्क्रीन, जीपीएस, मोबाइल नेटवर्क आणि मॅप रंगवणारा प्रोसेसर मिळून साधारण अडीच-तीन वॅट खातात. फोनने खाल्लेली वीज जवळपास सगळी उष्णताच होते. यातला मोठा वाटा स्क्रीनचा असतो.

दुसरा नळ चार्जिंगचा. चार्जरकडून आलेली वीज सगळी बॅटरीत जात नाही. वाटेत थोडी वाया जाते आणि ती फोनच्या आत उष्णता म्हणून उरते. केबलने वेगवान चार्जिंग चालू असेल, समजा १८ वॅट, तर फोनच्या आत सुमारे दोन वॅट उष्णता धरायला हरकत नाही. सावकाश चार्जिंगमध्ये, म्हणजे पाचेक वॅटवर, हेच अर्ध्या वॅटच्या घरात येतं.

तिसरा नळ उन्हाचा, आणि लोक नेमका तोच विसरतात. कडक ऊन सरळ अंगावर पडलं तर दर चौरस मीटरला सुमारे हजार वॅट ऊर्जा देतं. फोनची एक बाजू साधारण १६ गुणिले साडेसात सेंटिमीटर, म्हणजे १२० चौरस सेंटिमीटर. हिशेब केला तर बारा वॅट येतात. काच थोडं अडवते, ऊन तिरकं असतं, थोडं परावर्तित होतं. तरी चार-पाच वॅट फोनमध्ये मुरतात. म्हणजे नुसतं ऊन हे मॅप आणि वेगवान चार्जिंग यांच्या बेरजेच्या जवळपास भरतं.

काचेवर लावलेल्या होल्डरमध्ये हे ऊन पडतं कुठे, हेही बघण्यासारखं आहे. स्क्रीन तुमच्याकडे असते, त्यामुळे फोनची पाठ काचेकडे असते. समोरून येणारं ऊन थेट पाठीवर पडतं, आणि बॅटरी पाठीलगतच असते. पाठ काळी असेल किंवा कव्हर काळं असेल तर आणखी वाईट. स्क्रीनला स्पर्श करताना फोन कोमटच वाटतो, पण होल्डरमधून काढायला मागे बोट लावलं की चटका बसतो, तो यामुळे.

ऊन आणखी एका आडमार्गानेही त्रास देतं. आजूबाजूला उजेड जास्त म्हणून फोन आपणहून स्क्रीनचा उजेड वाढवतो. आजच्या अनेक फोनमध्ये उन्हासाठी खास जास्त ब्राइटनेस असतो, जो घरात कधी वापरलाच जात नाही. म्हणजे उन्हाने तिसरा नळ तर उघडलाच, पहिल्याचाही जोर वाढवला. मग फोन तापतो, नाइलाजाने स्क्रीन मंद करतो, आणि नेमका उन्हात मॅप दिसेनासा होतो.

आता बादलीचं भोक. फोनला पंखा नसतो. तो आजूबाजूच्या हवेला उष्णता देतो आणि काही उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो, बस. स्थिर हवेत, दोन्ही बाजू मोकळ्या असल्या तर या आकाराच्या फोनसाठी ढोबळ हिशेब असा निघतो: आत दर एक वॅट उष्णता तयार झाली की फोन भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे चार अंश जास्त गरम होतो. दर वॅटला चार अंश. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचं सगळं तोंडी करता येतं.

एक प्रवास, चार पद्धतींनी

गाडीत एसी चालू आहे, काचेजवळची हवा २८ अंश आहे असं धरू. (तुमच्या बसण्याच्या जागी २४ वाटत असलं तरी काचेला लागून हवा नेहमीच जास्त गरम असते.) फोन काचेवर, पाठीवर ऊन, केबलने वेगवान चार्जिंग, मॅप पूर्ण उजेडात.

कामाचे तीन वॅट, चार्जिंगचे दोन, उन्हाचे चार. नऊ वॅट झाले. नवा चोक छत्तीस. २८ अधिक ३६ म्हणजे ६४ अंश. प्रत्यक्षात फोन ६४ ला पोचत नाही, कारण ४५ च्या आसपासच तो स्क्रीन मंद करतो, चार्जिंग तोडतो, प्रोसेसरचा वेग कमी करतो. सुरुवातीला सांगितलेला सगळा तमाशा म्हणजे ६४ कडे निघालेल्या फोनने ४५ ला धरून राहण्यासाठी केलेली धडपड आहे.

आता फक्त ऊन अडवा. फोनच्या पाठीमागे, त्याला न चिकटवता, दोन बोटांचं अंतर ठेवून पांढऱ्या जाड कागदाचा तुकडा उभा करा. उन्हाचे चार वॅट एकावर आले. सावलीमुळे स्क्रीनही थोडी कमी उजेडात वाचता येते, म्हणून कामाचे अडीच धरू. चार्जिंगचे दोन तसेच. एकूण साडेपाच, म्हणजे २२ अंश वाढ, फोन ५० वर. एका कागदाने चौदा अंश कमी झाले, पण अजून मर्यादेच्या वरच आहोत.

चार्जिंग वेगवानऐवजी सावकाश केलं तर तिथले दोन वॅट अर्ध्या वॅटवर येतात. एकूण चार वॅट, सोळा अंश वाढ, ४४. काठावर का होईना, पण चालतं. फोन चार्ज होत राहील.

आणि चौथी पद्धत. फोन काचेवरून काढून एसीच्या जाळीवर, झोताच्या तोंडाशी लावा. आता दोन गोष्टी एकदम बदलल्या. फोनभोवतीची हवा २८ ची नाही, झोताची आहे, समजा १४ अंशांची. आणि ती हलती आहे, म्हणून ती उष्णता कितीतरी लवकर ओढून नेते. दर वॅटला चार अंशांऐवजी दोन धरू. जाळी काचेच्या खाली असल्यामुळे बहुतेक वेळा सावलीतच असते, म्हणून उन्हाचा अर्धा वॅट पुरे. कामाचे अडीच आणि वेगवान चार्जिंगचे पूर्ण दोन मिळवले तरी एकूण पाच वॅट, दहा अंश वाढ, फोन २४ वर.

६४ आणि २४. तोच फोन, तोच चार्जर, तोच मॅप. फक्त होल्डरची जागा बदलली. हे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या गाडीत पाच-सात अंश इकडेतिकडे होतील, पण चार पद्धतींचा क्रम बदलणार नाही. म्हणून कुणी विचारलं की एकच गोष्ट करायची तर कोणती, तर माझं उत्तर ठाम आहे: उन्हाळ्यात फोन एसीच्या जाळीवर. बाकी सगळे उपाय त्यानंतर.

जाळीवरचा होल्डर घेताना जाळीच्या पट्ट्या फोनचं वजन पेलतात का ते बघा. पातळ पट्ट्यांवर नुसता चिमटा असेल तर खड्ड्यात फोन खाली मान टाकतो. मागच्या बाजूने हूक अडकवून स्क्रूने आवळता येणारे होल्डर जास्त भरवशाचे असतात. गोल जाळी असेल तर तिला बसेल असाच होल्डर लागतो. पट्ट्या अशा फिरवा की हवा फोनच्या पाठीवर येईल आणि कडांवरून पुढे जाईल. ती हवा तुमच्यापर्यंत थोडी कमी पोचेल, पण गाडीत जाळ्या आणखीही असतात.

आता कागदाबद्दल. काही जण त्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमची फॉइल लावतात, ते करू नये. जीपीएसचा सिग्नल उपग्रहाकडून काचेतूनच येतो आणि तो मुळातच अगदी क्षीण असतो. मध्ये धातूचा पत्रा आला की फोनला आपण कुठे आहोत ते नीट कळत नाही, आणि मोबाइल नेटवर्क शोधायलाही जास्त जोर लावावा लागतो. कागद, पुठ्ठा, पांढरं कापड यांनी सिग्नल अडत नाही. कागद फोनला चिकटवूही नये. मध्ये हवा खेळली पाहिजे, नाहीतर कागद ऊन अडवेल पण पाठीची उष्णताही कोंडेल. आणि तो फोनच्या आडोशातच मावेल एवढा ठेवा, रस्ता झाकता कामा नये.

चार्ज करायची गरज आहे का?

गाडीत बसलं की फोन चार्जरला लावायची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण विचारायला हवा.

५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. मॅप चालू असताना फोन तीन वॅट खातो. म्हणजे पूर्ण भरलेला फोन नुसत्या बॅटरीवर सहा तास मॅप दाखवू शकतो. एका तासाला पंधरा-सोळा टक्के जातात. निघताना ८० टक्के असतील तर दोन तासांच्या प्रवासानंतर पन्नासच्या आसपास उरतील, चार्जरला हात न लावता. बॅटरी जुनी असेल तर थोडं कमी धरा. रोजच्या तासाभराच्या फेरीत चार्जिंग लावण्याचं काहीच कारण नसतं, आणि न लावल्याने एक नळ पूर्ण बंद होतो.

लांबच्या प्रवासात लावावंच लागतं. पण तिथेही गरज फार नसते. चार्जर लावला की फोन स्वतःच्या कामाची वीज चार्जरकडूनच घेतो. म्हणजे पाच वॅट मिळाले तरी कामाचे अडीच-तीन भागून दोन वॅटच्या आसपास बॅटरीत जायला उरतात. तासाला दहा टक्के भर पडते. मॅप चालू ठेवून टक्के हळूहळू वर चढत राहतील, एवढं पुरेसं आहे. आधी सांगितलेल्या प्रवासात वेगवान चार्जर लावूनही टक्के उतरत होते आणि इथे साध्या चार्जरवर चढतायत. कारण वेगवान चार्जरचा फोन मर्यादेला धडकला होता, साध्याचा धडकला नाही.

सावकाश चार्जिंग मिळवायचं कसं? गाडीत आधीपासून यूएसबी सॉकेट असेल तर तेच वापरा. जुन्या गाड्यांतली ही सॉकेट बऱ्याचदा पाच व्होल्टला अर्धा ॲम्पियर, म्हणजे अडीच वॅट देतात, काही सात-साडेसात वॅटपर्यंत जातात. अडीच वॅटमध्ये टक्के जेमतेम टिकतात किंवा अगदी सावकाश उतरतात, पण प्रवास निघून जातो. वेगवान चार्जरच असेल तर अनेक अँड्रॉइड फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये वेगवान चार्जिंग बंद करायची सोय असते, ती वापरा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचीही सोय आता बऱ्याच फोनमध्ये आहे. ती गाडीसाठी फार कामाची, कारण बॅटरी काठोकाठ भरलेली असताना उष्णता तिला जास्त जाचते. शंभर टक्के आणि गरम, ही बॅटरीच्या आयुष्यासाठी सगळ्यात वाईट जोडी.

आणखी एक. बॅटरी रिकामी असताना चार्जिंग जोरात चालतं, भरत आली की प्रवाह आपोआप कमी होतो. म्हणून वीस टक्क्यांवर गाडीत बसून लगेच मॅप आणि वेगवान चार्जिंग एकदम सुरू करणं हा सगळ्यात तापदायक प्रकार आहे. निघण्याआधी घरीच भरून घेतलेला फोन गाडीत कमी तापतो.

वायरलेस चार्जिंगचे होल्डर

हे दिसायला सुटसुटीत असतात, केबल लोंबत नाही, फोन नुसता टेकवला की झालं. पण तापण्याच्या बाबतीत यांच्यापेक्षा वाईट काही नाही, आणि त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं, केबलपेक्षा वायरलेसमध्ये वीज जास्त वाया जाते. पॅडमधल्या कॉइलमधून फोनमधल्या कॉइलमध्ये ऊर्जा जाताना ढोबळमानाने पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त उष्णता होऊन जातो. दोन्ही कॉइल एकमेकींच्या बरोबर समोर नसतील तर आणखी. गाडीत खड्डे असतात, वळणं असतात, फोन जरासा सरकतो, आणि तुम्हाला न कळता हा तोटा वाढतो. चुंबकाने जागेवर धरणारे होल्डर इथे बरे, पण तेही केबलची बरोबरी करत नाहीत.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पॅड फोनच्या पाठीला चिकटलेला असतो आणि स्वतःही गरम असतो. म्हणजे ज्या पाठीतून निम्मी उष्णता बाहेर जायची तीच बंद झाली. नळ वाढला आणि भोक लहान झालं. दर वॅटला चार अंशांचा आपला हिशेब इथे सहा-सात अंशांपर्यंत जाऊ शकतो.

असा होल्डर आधीच घेतला असेल तर तो जाळीवर लावण्याजोगा आहे का बघा, किंवा उन्हाळ्यात त्याचा वापर नुसता होल्डर म्हणून करा आणि लागेल तेव्हा केबल लावा. काहींमध्ये छोटा पंखा असतो, त्याचा थोडा फायदा होतो. काहींमध्ये विजेवर गार होणारी पट्टी असते. ती परिणामकारक असते, पण दमट हवेत फार गार झाली तर तिच्यावर पाणी धरू शकतं, एवढं ध्यानात असू द्या.

बाकीच्या लहान गोष्टी

कव्हर काढा असा सल्ला हमखास मिळतो. स्थिर हवेत त्याचा फायदा लोकांना वाटतो त्याहून कमी आहे. दोन मिलिमीटरचं अंगाला घट्ट बसणारं सिलिकॉनचं कव्हर उष्णतेला जितकं अडवतं त्याच्या दहापट अडवणूक भोवतालची स्थिर हवाच करत असते. कव्हर काढून एखाद-दोन अंश मिळतील. पण एसीच्या झोतात गोष्ट वेगळी. तिथे हवेची अडवणूक कमी झालेली असते, त्यामुळे कव्हरची अडवणूक डोळ्यांत भरते, आणि काढल्याचा फायदा खरोखर दिसतो. पाकिटासारखं जाड कव्हर, ज्यात कार्डं असतात आणि मध्ये हवेची पोकळी राहते, ते मात्र कधीही काढलेलंच बरं.

गाडीला अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेची स्क्रीन असेल तर मॅप तिथे लावा. फोनची स्क्रीन बंद राहते, म्हणजे पहिल्या नळाचा मोठा भाग बंद, आणि फोन खाली सावलीत ठेवता येतो. केबलने जोडला तर उत्तम. वायरलेस जोडणी आणि खालच्या खणातलं वायरलेस चार्जिंग दोन्ही एकदम चालू ठेवलं तर त्या बंदिस्त खणात फोन चांगलाच तापतो, तेव्हा दोन्हींतलं एकच ठेवा.

गाडीला स्क्रीन नसेल आणि रस्ता लांबच लांब सरळ असेल तर फोनची स्क्रीन बंद करून आवाजावर जाता येतं. गूगल मॅप्स स्क्रीन बंद असतानाही वळणं सांगत राहतं. नेटवर्क विरळ असलेल्या भागातून जायचं असेल तर तिथला नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. क्षीण सिग्नल धरून ठेवायला फोन बरीच वीज खर्च करतो. या सगळ्या सेटिंग गाडी हलण्याआधीच करून घ्या.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीत फोन ठेवून जाऊ नये हे बहुतेकांना माहीत असतं. पण होल्डर तर तिथेच राहतो. तासभर उन्हात तापलेल्या होल्डरवर, चटका देणाऱ्या डॅशबोर्डच्या वर, तुम्ही फोन अडकवता तेव्हा तो सुरुवातीलाच मागे पडतो. आधी खिडक्या उघडून एसी जोरात लावा, कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या, होल्डरला हात लावून बघा, मग फोन लावा. तोवर तो खिशात किंवा सावलीतल्या सीटवर बरा.

नेमकं कारण कोणतं ते कसं ओळखायचं

फोन साधारण दोनशे ग्रॅमचा असतो. एवढ्या वस्तूला तापून स्थिर व्हायला वेळ लागतो. आधीच्या हिशेबाने स्थिर हवेत बारा मिनिटांत जवळपास दोन तृतीयांश वाढ होते, आणि अर्ध्या तासात तो जिथे पोचायचा तिथे जवळपास पोचतो. म्हणून पाच मिनिटांच्या चाचणीवरून काही ठरवू नका. प्रत्येक बदल केल्यावर अर्धा तास जाऊ द्या आणि मग बघा. बॅटरीचं तापमान दाखवणारी अ‍ॅप अँड्रॉइडवर मिळतात. ४० च्या खाली असेल तर निश्चिंत राहा, ४५ कडे सरकत असेल तर काहीतरी बदला. आकडे बघायचं काम शेजारी बसलेल्याकडे द्या.

अ‍ॅप नसेल तर हातानेही अंदाज येतो. गाडी थांबवल्यावर फोनच्या पाठीवरून बोटं फिरवा. बहुतेक फोनमध्ये प्रोसेसर कॅमेऱ्याच्या आसपास वरच्या भागात असतो. तिथेच जास्त गरम असेल तर कामाचा भार जास्त आहे, बहुधा मागे दुसरं एखादं अ‍ॅपही चालू आहे. मधला आणि खालचा भाग गरम असेल तर चार्जिंगकडे बोट दाखवा. अख्खी पाठ सारखी तापलेली आणि स्क्रीनची बाजू त्या मानाने गार, तर ते ऊन आहे.

थंडीच्या दिवसांत हाच सगळा हिशेब उलटा होतो. हीटर लावला की त्याच जाळीतून गरम हवा येते, आणि जाळीवरचा फोन उन्हाळ्यापेक्षाही लवकर तापतो. त्या जाळीचा झोत बंद करा किंवा फोन दुसरीकडे हलवा. काचेवरचं धुकं काढणारा झोतही डॅशबोर्डमधून वर काचेकडे गरम हवा फेकतो, काचेवर लावलेला फोन बरोबर त्याच्या वाटेत येतो. आणि रात्रभर शून्याखालच्या थंडीत गाडीत राहिलेला फोन सकाळी लगेच चार्जरला लावू नका. गोठलेल्या बॅटरीला चार्जिंग सोसत नाही, आधी तो कोमट होऊ द्या.

इतकं करूनही कधी फोनने तापल्याची सूचना दाखवून काम बंद केलंच, तर चार्जर काढा, स्क्रीन बंद करा, कव्हर काढा आणि फोन सावलीत, एसीच्या झोतासमोर धरा. पाच-दहा मिनिटांत तो पुन्हा चालू होतो. बर्फाच्या पेटीत किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका. एकदम गार झालेल्या फोनवर, आणि कधी त्याच्या आतही, हवेतलं पाणी धरतं, आणि त्या पाण्याने होणारं नुकसान उष्णतेपेक्षा मोठं असतं.

अधूनमधून कव्हर काढून फोन सपाट टेबलावर ठेवा आणि तो डुलतो का बघा. पाठ फुगलेली वाटली, स्क्रीन एखाद्या कडेने वर उचललेली दिसली किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला, तर आतली बॅटरी फुगली आहे. असा फोन पुन्हा चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, गाडीत तर ठेवूच नका. बंद करून, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि बॅटरी बदलणाऱ्या जाणकाराकडे न्या.